चंद्रकोर, चक्र, क्रूस, दिवा : जोड्या लावताना काय चुकतं

शाळेत सर्वधर्मसमभावाचा पाठ झाला की एक ठरलेला स्वाध्याय येतो. डावीकडे चार चित्रं असतात : दिवा, चक्र, क्रूस, चंद्रकोर. उजवीकडे चार धर्मांची नावं. रेघा ओढायच्या, वही तपासून घ्यायची. मुलं हा प्रश्न सहसा चुकवत नाहीत, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. ज्या प्रश्नात कोणी चुकत नाही, त्यातून एक चुकीची गोष्ट पक्की होते : आकृतीलाच अर्थ असतो, ती कुठे आहे, कोणी काढली, शेजारी काय आहे, हे पाहायची गरज नाही.

“चंद्रकोर म्हणजे इस्लाम”

याच मुलांना कोकणातल्या एखाद्या गधेगाळीसमोर उभं करा. शिलाहार आणि यादवांच्या काळात जमीन दान दिली की असा दगड रोवत. वरच्या भागात सूर्य आणि चंद्रकोर, मधे दानाचा लेख, आणि दान मोडणाऱ्याला द्यायची ती प्रसिद्ध शिवी खाली शिल्पातच कोरलेली. वाचता न येणाऱ्यालाही ती कळावी अशी सोय होती. इथली चंद्रकोर कुठल्याच धर्माची खूण नाही. तो मुदतीचा मजकूर आहे. आकाशात चंद्र आणि सूर्य आहेत तोवर हे दान चालेल, असं ती सांगते. वीरगळांवर आणि सतीशिळांवरही माथ्याशी हीच जोडी असते, तिथे तिचा रोख स्मृती टिकण्याकडे असतो. महाराष्ट्रात गावोगाव देवळाच्या आवारात, पाराखाली असे दगड पडलेले आहेत. तरीही पाठ्यपुस्तकाच्या सवयीने पाहणारा माणूस त्यांच्यावरची कोर पाहून बुचकळ्यात पडतो.

इस्लामशी चंद्राचं नातं खोटं नाही, पण ते मुळात दिनदर्शिकेचं आहे. हिजरी वर्ष चांद्र महिन्यांचं. कोर दिसली की महिना सुरू होतो, त्यावर रमजान, ईद आणि हजचे दिवस ठरतात. कुराणात नव्या चंद्रांचा उल्लेख येतो तो लोकांसाठी आणि हजसाठी काळ मोजण्याचं साधन म्हणून. धर्माचं बोधचिन्ह म्हणून कोर तिथे सांगितलेली नाही आणि तिची पूजा तर नाहीच.

चांदतारा ही जोडी इस्लामपेक्षा जुनी आहे. बायझँटियम, म्हणजे पुढचं इस्तंबूल, या शहराच्या इसवी सनापूर्वीच्या नाण्यांवर ती आहे. इराणच्या सासानी राजांच्या चांदीच्या नाण्यांवरही आहे, आणि ते राजे झरथुष्ट्री. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकलं तेव्हा त्यांनी लगेच नवा छाप काढला नाही. बाजारात जे नाणं ओळखीचं तेच चालू ठेवलं. सासानी राजाचा चेहरा, मागे अग्निवेदी, कडेला चांदतारे, आणि त्यात भर म्हणून अरबी अक्षरांत अल्लाहचं नाव. त्यामुळे सुरुवातीच्या मुस्लिम राजवटीच्या नाण्यावर कोर सापडते खरी, पण ती आधीच्या अग्निपूजक राजांकडून आलेली. आजच्या अर्थाने ही खूण रुजली ती उस्मानी तुर्कांच्या झेंड्यांमुळे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकात तो झेंडा स्थिरावला आणि जगभर ओळखीचा झाला. तिथून ती खूण इतर देशांच्या निशाणांवर गेली.

या भागावर मला सुचणारा स्वाध्याय असा. सहा देशांचे झेंडे द्यायचे, नावं झाकून : तुर्कस्तान, पाकिस्तान, सौदी अरेबिया, इंडोनेशिया, सिंगापूर, नेपाळ. प्रश्न एकच : यांतले मुस्लिमबहुल देश कोणते? कोर शोधणारी मुलं तुर्कस्तान आणि पाकिस्तान बरोबर ओळखतील. सिंगापूरवर चुकतील, कारण तिथे कोर आहे, पण सरकारी खुलाशानुसार ती उदयाला येणाऱ्या तरुण राष्ट्राची. सौदी अरेबिया निसटेल, कारण त्याच्या झेंड्यावर कलिमा आणि तलवार आहे, कोर नाही. इंडोनेशिया तर हमखास निसटेल. जगातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या देशांत मोडणाऱ्या या देशाचा झेंडा म्हणजे लाल आणि पांढरा असे दोन साधे पट्टे. आणि नेपाळ? तिथे कोर आहे, खाली सूर्य आहे, आणि नेहमी सांगितला जाणारा एक अर्थ असा की चंद्रसूर्य असेपर्यंत राष्ट्र टिको. गधेगाळ पाहिलेल्या मुलाला तो सांगावा लागणार नाही.

जाता जाता एक गंमत. तुर्कस्तानच्या झेंड्यावरच्या कोरीचा फुगवटा डावीकडे आहे. ईदची कोर संध्याकाळी पश्चिमेला दिसते, तिचा उजळ काठ मावळलेल्या सूर्याकडे असतो, आणि आपल्याकडून ती बरीचशी आडव्या होडीसारखी दिसते. झेंड्यावरची कोर त्यापेक्षा पहाटेच्या, क्षीण होत चाललेल्या चंद्राशी जुळते. झेंडा काढणारे आकाश पाहून रेघ ओढत नसतात, एवढाच त्याचा अर्थ.

“चोवीस आरे म्हणजे चोवीस सद्गुण”

चक्राबद्दलचा गैरसमज वेगळ्या जातीचा आहे. इथे जोडी चुकत नाही, हिशेब जास्त होतो. शाळेच्या भिंतीवर अशोकचक्राचं चित्र असतं आणि प्रत्येक आऱ्यासमोर एक गुण : प्रेम, धैर्य, संयम, असे चोवीस. याद्या एकमेकींशी जुळतीलच असं नाही. मुलं त्या पाठही करतात.

मूळ कागद पाहावा. संविधान सभेने 22 जुलै 1947 रोजी ध्वजाचा ठराव मंजूर केला. त्यात म्हटलं आहे की पांढऱ्या पट्ट्याच्या मध्यभागी गडद निळं चक्र असेल, ते चरख्याचं प्रतीक असेल, आणि त्याचा नमुना सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शीर्षाखालच्या पट्टीवरील चक्राचा असेल. बस्स. आऱ्यांना गुण वाटून दिलेले नाहीत. उलट, बहुतेकांना आश्चर्य वाटेल ते हे की ठरावाच्या शब्दांत चक्र हे चरख्याच्या जागी आलेलं आहे. धर्मचक्राचा अर्थ त्या दिवशीच्या भाषणांत आला, ठरावाच्या मजकुरात तो नाही.

आता सारनाथला जाऊ. सिंहांच्या पायाखालच्या गोल पट्टीवर हत्ती, बैल, घोडा आणि सिंह असे चार प्राणी आहेत, आणि प्रत्येक दोघांमध्ये एक याप्रमाणे चार चक्रं. आरे प्रत्येकी 24. पण चार सिंहांच्या डोक्यावरही एकेकाळी एक मोठं चक्र होतं. 1904-05 च्या उत्खननात त्याचे तुकडे मिळाले, आणि त्याला 32 आरे असावेत असं मानलं जातं. म्हणजे एकाच स्तंभावर दोन वेगळ्या संख्या. त्या स्तंभावरचा अशोकाचा लेख संघात फूट पाडणाऱ्यांना ताकीद देतो, आऱ्यांबद्दल त्यात अक्षर नाही.

आठ आऱ्यांचं चक्र म्हणजे अष्टांगिक मार्ग, हे स्पष्टीकरण चांगलं रुळलेलं आहे आणि आजच्या बौद्ध व्यवहारात खरंही आहे. फक्त ते मागे नेऊन जुन्या प्रत्येक शिल्पाला लावता येत नाही. सांचीच्या तोरणांवरची चक्रं मोजा, आरे आठाहून कितीतरी जास्त भरतात. मथुरेच्या कंकाली टेकडीवर सापडलेल्या जैन मूर्तींच्या पीठावरही धर्मचक्र आहे, दोन्ही बाजूंना उपासक उभे. विष्णूच्या हातातलं चक्र तर शस्त्र आहे. म्हणून चक्राच्या स्वाध्यायात मी “अर्थ लिहा” असं विचारणार नाही. विचारेन : आरे किती, चक्र जमिनीवर आहे, आसनावर आहे की हातात, आणि आजूबाजूचे लोक त्याच्याशी काय करत आहेत? आसनावरच्या चक्रापुढे माणसं हात जोडून असतील तर ते उपदेशाचं चक्र. मग बौद्ध की जैन, हे ठरवायला वर कोणाची मूर्ती आहे ते पाहावं लागेल. आणि दीक्षाभूमीच्या परिसरात निळ्या झेंड्यावर चक्र दिसलं तर 14 ऑक्टोबर 1956 ही तारीख माहीत असल्याशिवाय ते वाचताच येणार नाही.

“क्रूस पहिल्यापासून तसाच आहे”

पहिल्या काही शतकांत ख्रिस्ती लोक रोमच्या भुयारी दफनस्थानांत मासा, नांगर, खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ अशी चित्रं काढत. क्रूस क्वचित दिसतो. कारण उघड आहे : क्रूस ही तेव्हा गुन्हेगारांना मारण्याची चालू पद्धत होती. चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला आश्रय दिला, पुढे ती शिक्षा बंद झाली, आणि मग क्रूस सार्वजनिक खूण झाला.

आपल्याकडे “क्रूस म्हणजे पोर्तुगीज” असंही धरलं जातं. गोव्यात आगशीजवळ 2001 साली एक दगडी क्रूस सापडला, त्यावर पोर्तुगीज लेखासोबत पहलवी लेखही आहे. पहलवी ही जुन्या इराणची भाषा. चेन्नईजवळच्या सेंट थॉमस माउंटवर आणि केरळात कोट्टायमला याच घराण्यातले क्रूस आहेत. त्यांवर येशूची आकृती नाही, पायाशी कमळासारख्या पाकळ्या आहेत, वर कबुतर आहे. पोर्तुगीज येण्याआधी इराणशी व्यापार आणि धर्म या दोन्हींनी जोडलेले ख्रिस्ती या किनाऱ्यावर होते, याचे ते साक्षीदार.

मुंबईत वांद्र्याच्या गल्ल्यांतले, गिरगावच्या खोताच्या वाडीतले रस्त्याकडेचे क्रूस पाहायला गेलात तर आधी चौथऱ्यावरचं साल वाचा. 1896 च्या प्लेगच्या आसपासची सालं आढळतात. ते क्रूस रोगापासून रक्षणासाठी उभारले गेले.

रुग्णवाहिकेवरचा लाल क्रूस मात्र या यादीतून काढायला हवा. तो 1864 च्या जिनिव्हा करारातला, आणि 1906 च्या कराराने स्पष्ट केलं की तो स्वित्झर्लंडच्या झेंड्याचे रंग उलटे करून, त्या देशाच्या सन्मानार्थ घेतलेला आहे. पण खुलाशाने पाहणाऱ्यांचं समाधान होतंच असं नाही. रशियाशी 1870 च्या दशकात झालेल्या युद्धात उस्मानी सैन्याने त्याऐवजी लाल चंद्रकोर वापरली आणि 1929 मध्ये तिला मान्यता मिळाली. धर्मनिरपेक्ष खूण पाहणाऱ्याने धार्मिक वाचली आणि त्यामुळे तिची धार्मिक दिसणारी जोडीदारीण जन्मली. अखेर 2005 मध्ये कशाशीच नातं नसलेली लाल स्फटिकाची चौकट आली.

“दिवा आपला”

दिव्यावर रेघ ओढणं सर्वांत धोक्याचं, कारण तो सगळ्यांकडेच आहे. चर्चमध्ये पवित्र भाकरीजवळ तेवतो, पारशी घरात तेवतो, आणि मशिदींसाठी बनलेल्या जुन्या इजिप्शियन काचदिव्यांवर कुराणातली प्रकाशाची आयत लिहिलेली असते. अलिबागकडच्या बेने इस्रायल कुटुंबांचा तर पिढीजात धंदाच तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. ज्यू दिवा काढायचा असेल तर फांद्या मोजून काढा : जेरुसलेमच्या मंदिरातल्या दिव्याला सात, आणि हनुक्काच्या दिव्याला आठ दिवसांच्या आठ आणि त्या पेटवणाऱ्या ज्योतीची नववी. चित्रकार हे दोन दिवे सर्रास एकमेकांच्या जागी काढतात, त्यामुळे स्वाध्यायात हे चित्र घालायचं असेल तर छापण्याआधी फांद्या पुन्हा एकदा मोजलेल्या बऱ्या.