वाहनाचे पाय : नव्या गाडीच्या पूजेचा मागोवा

नव्या स्कूटरची किंवा मोटारीची पूजा ही अलीकडची हौस आहे, असे सहज वाटते. यंत्रावर चालणारे वाहन अलीकडचे आहे, हे खरे. पण नवे वाहन प्रथम बाहेर काढताना काय करावे, हा प्रश्न फार जुना आहे. आश्वलायन गृह्यसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात रथारोहणाचा विधी सांगितला आहे. रथावर चढण्यापूर्वी दोन हातांनी दोन चाकांना स्पर्श करायचा, आणि तसे करताना चाकांना रथाचे पुढचे पाय म्हणायचे. मग आसाला स्पर्श, आणि उजवा पाय आधी टाकून आरोहण. रथ नवा असेल तर तो एखाद्या ख्यात वृक्षाभोवती किंवा न आटणाऱ्या डोहाभोवती प्रदक्षिणा घालून न्यावा आणि फळे असलेल्या फांद्या घेऊन यावे, असेही तिथे सांगितले आहे.

आजची पूजा याच सूत्रातून सरळ उतरली, असे म्हणता येत नाही. रथाचे ते मंत्र आपल्याकडच्या नेहमीच्या वाहनपूजेत ऐकू येत नाहीत. मात्र चाक म्हणजे पाय ही समजूत आजही टिकून आहे, आणि पूजेतल्या बऱ्याच कृती तिच्यामुळेच उलगडतात.

दारात उभ्या असलेल्या नव्या स्कूटरचेच उदाहरण घेऊ. तबकात हळद, कुंकू, अक्षता, फुले, निरांजन, सुपारी, नारळ, पेढे आणि दोन लिंबे असतात. घरातली सुवासीण प्रथम दोन्ही चाकांवर थोडे पाणी घालते. पोळ्याला शेतातून आलेल्या बैलाच्या पायांवर पाणी घालतात, तसेच हे. मग अनामिकेने समोरच्या पत्र्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढले जाते, हळदकुंकू व अक्षता वाहून हार घातला जातो आणि निरांजनाने ओवाळले जाते. बैलाला पुरणपोळी मिळते. स्कूटरला पेढा दाखवतात आणि तो घरचे खातात. दसऱ्याला शस्त्रे-अवजारांबरोबर घरची गाडीही पूजली जाते, तेव्हा ती अवजार असते. नवी आली त्या दिवशी मात्र तिला जनावरासारखे घरात घेतले जाते.

शब्दांची वाटणी वेगळी आहे. गुरुजी बोलावले असतील तर प्रथम संकल्प होतो. त्यात स्थळ, काळ, यजमानाचे गोत्र, नाव आणि पूजेचे कारण येते. ‘नूतन वाहन’ हा उल्लेख येतो तो इथेच. पुढे गणपतिपूजनातले ओळखीचे उपचार चालतात, ‘गंधं समर्पयामि’, ‘पुष्पं समर्पयामि’. वाहनाला उद्देशून ‘वाहनदेवताभ्यो नमः’ असा नाममंत्र म्हटला की पुरते. गुरुजी नसतील तर ‘गणपती बाप्पा मोरया’ एवढ्यावर काम भागते. ओवाळणारी बाई सहसा काहीच म्हणत नाही. फार तर ‘सांभाळून चालव रे’ म्हणते. सगळ्या पूजेत खुद्द चालवणाऱ्याला उद्देशून असलेले वाक्य एवढेच.

नारळ आणि लिंबू यांची कामे एक नव्हेत. नारळ वाहनापुढे दगडावर वाढवतात, त्याचे पाणी चाकांवर शिंपडतात आणि खोबरे प्रसाद म्हणून वाटतात. तो देण्यासाठी असतो. लिंबू दृष्ट काढण्यासाठी असते. ते चाकाखाली चिरडायचे आणि मागे वळून न पाहता पुढे जायचे. त्याचा प्रसाद होत नाही. स्कूटरला दोन, मोटारीला चार लिंबे लागतात, म्हणजे पायागणिक एक.

हाच क्षण धोक्याचाही असतो. सप्टेंबर 2025 मध्ये दिल्लीत एका विक्रीदालनाच्या पहिल्या मजल्यावर नव्या मोटारीखाली लिंबू चिरडताना अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला गेला आणि गाडी काच फोडून खाली रस्त्यावर पडली. लिंबू फुटायला वेग लागत नाही, गाडीचे वजन पुरते. मोटार सपाट जमिनीवर असावी, समोर मोकळी जागा असावी आणि पुढे कुणी उभे नसावे. ब्रेकवरचा पाय हलकेच सैल केला, तर ऑटोमॅटिक गाडी आपणहून पुढे सरकते. स्कूटर तर बंद ठेवून हाताने ढकलली तरी चालते. हँडलला बांधलेला धागा ब्रेकच्या दांडीत किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या मुठीत अडकत नाही ना, आणि हार चाकापर्यंत लोंबत नाही ना, हे निघण्यापूर्वी पाहावे. ओले कुंकू रंगावर वाळू न देता त्याच दिवशी ओल्या फडक्याने टिपून घेतले, तर डाग राहत नाही.

सूत्रातला यजमान चढण्यापूर्वी चाक व आस आणि चढल्यावर लगाम असे एकेक करून हाताने चाचपतो. मंत्र बाजूला ठेवला, तर निघण्यापूर्वी रथ ठीक आहे ना हे पाहणेही त्यात आपोआप होत असणार. आज चाकावर पाणी घालायला वाकलेल्या हाताने टायरमधली हवाही पाहिली, तर ते जुन्या विधीला सोडून होणार नाही.