रात्रीच्या गप्पा थांबवायच्या कशा?

जेवणं आटोपली, ओटा आवरून झाला, की अनेक घरांत फोनवरच्या गप्पांना सुरुवात होते. दहाला सुरू झालेलं चॅट कधी साडेबारापर्यंत रेंगाळतं, तर कधी कुणीतरी मध्येच गायब होतं आणि समोरची व्यक्ती 'हिला राग आला की काय?' असा विचार करत बसते. दोन्हींचं मूळ एकच आहे. आता थांबावं असं वाटत असतं, पण ते कसं सांगायचं हे सुचत नाही.

अमेरिकेत ॲडम मास्ट्रोयानी, डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९३२ संभाषणांचा अभ्यास करून २०२१मध्ये तो प्रसिद्ध केला. दोघांनाही हवं होतं तेव्हाच संपलेली संभाषणं त्यात जेमतेम दोन टक्के निघाली. कुणाला आणखी बोलायचं होतं, कुणाला केव्हाच थांबायचं होतं, पण समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून दोघंही मनातलं लपवत राहिले. हा अभ्यास तोंडी बोलण्याचा होता. चॅटमध्ये तर आवाजातला थकवा किंवा जांभईसुद्धा पोहोचत नाही.

निरोप हा एका वाक्याचा मामला नसतो, तो दोघांनी मिळून टप्प्याटप्प्याने घ्यायचा असतो, हे इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स यांनी १९७३मध्येच दाखवून दिलं होतं. टेलिफोनवरची संभाषणं बारकाईने तपासून त्यांनी ते मांडलं. हे टप्पे चॅटमध्ये कसे दिसतात ते पाहू. नाशिकची ताई आणि पुण्याची धाकटी बहीण आईबाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाबद्दल बोलत आहेत. रात्रीचे पावणेअकरा वाजलेत.

"बरं, हॉलचं ठरलं म्हणजे मोठं काम झालं."
"हो ना ताई, डोक्यावरचं ओझं उतरलं."
"चल मग, मी आता आडवी होते. उद्या सहाला उठायचंय."
"हो, झोप. फक्त एक सांग, सोलापूरच्या काकू यादीत आहेत ना?"
"आहेत. बाकीची यादी रविवारी दुपारी फोनवर बघू."
"चालेल. शुभ रात्री!"
"शुभ रात्री गं."

ताईने पहिल्या वाक्यात निरोप घेतलेला नाही, झालेल्या बोलण्याचं सार सांगितलं आहे. ही चाचपणी असते. धाकटीने 'पण जेवणाचं काय?' असं विचारलं असतं, तर तिचं बोलणं उरलं आहे हे कळलं असतं. तिने नुसता दुजोरा दिला, नवं काही काढलं नाही. म्हणजे तिचीही तयारी आहे. पुढे ताईने थांबण्याचं कारण दिलं ते स्वतःचं आणि खरं. 'तू दमली असशील' असं लिहिलं असतं, तर 'छे गं, बोल ना' हे उत्तर ठरलेलंच, आणि मग आणखी अर्धा तास गेला असता.

निरोप दिसू लागला, की राहून गेलेली गोष्ट हमखास आठवते. म्हणून तिला जागा ठेवावी लागते. काकूंचा प्रश्न एका शब्दात सुटणारा होता, तो तिथेच सुटला. अख्खी यादी रात्री उघडण्याजोगी नव्हती, तिला ताईने रविवारची दुपार दिली. 'बोलू कधीतरी' म्हटलं असतं, तर धाकटीला ती टाळाटाळ वाटली असती.

चॅट लांबतं ते बहुतेक वेळा सार सांगून झाल्यावर. शांतता नको म्हणून आपणच 'बाकी काय विशेष?' विचारतो किंवा एखादी रील पाठवतो, आणि गाडी पुन्हा सुरू होते. शुभ रात्रीनंतर इमोजीला इमोजी देत राहिलं तरी तेच होतं. दोन्हीकडून निरोप आला, की फोन खाली ठेवावा. उलट, समोरच्याचा प्रश्न तसाच ठेवून नुसता 'हम्म' किंवा अंगठा पाठवला, की चॅट तुटल्यासारखं वाटतं. झोप अनावर झाली असेल, तर 'डोळे मिटतायत, याचं उत्तर सकाळी देते' एवढी एक ओळ पुरते. मात्र सकाळी ते उत्तर द्यायलाच हवं.

काही रात्री मात्र हे टप्पे बाजूला ठेवावे लागतात. मनावरची गोष्ट माणसं अनेकदा निरोपाच्या वेळीच काढतात, कारण तोवर धीर झालेला नसतो. 'ताई, नोकरीचं काही खरं नाही माझ्या' अशी ओळ शुभ रात्रीच्या जागी आली, तर ते उरलेलं किरकोळ काम नव्हे. तिथे 'आत्ता फोन करू, की सकाळी निवांत बोलायचं?' असं सरळ विचारावं, आणि ती जे म्हणेल ते करावं.