सात वाजून चार मिनिटं: सकाळच्या रेडिओची पहिली पाऊण मिनिटं

सकाळी सातच्या सुमारास रेडिओ लावणारा माणूस बसून ऐकत नसतो. तो दाढी करत असतो, पोळ्या लाटत असतो, मुलाच्या बुटाची नाडी बांधत असतो. त्याचे हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, फक्त कान मोकळे. त्यातही पंधरा-वीस मिनिटांत त्याला घराबाहेर पडायचं असतं. सकाळच्या कार्यक्रमाची सुरुवात लिहायची ती या माणसासाठी.

रेडिओचं सकाळशी नातं पूर्वीपासून घड्याळाचंच आहे. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सात वाजून पाच मिनिटांनी लागणाऱ्या प्रादेशिक बातम्यांवर कित्येक घरांची सकाळ बेतलेली असे. बातम्या लागल्या की आंघोळ उरकलेली हवी, संपल्या की दप्तर खांद्यावर हवं. एफएमवरच्या आरजेनं, म्हणजे निवेदकानं, तेच काम वेगळ्या सुरात पुढे चालवलं आहे. दोन गाण्यांच्या मधल्या त्याच्या बोलण्याला स्टुडिओत ‘लिंक’ म्हणतात. कार्यक्रमाची पहिली लिंक साधारण चाळीस ते पन्नास सेकंदांची असते. मराठीत मोकळेपणानं, पण घाई न करता बोललं तर सेकंदाला दोन शब्द किंवा थोडे जास्त होतात. म्हणजे हातात नव्वद-शंभर शब्द आले. एवढ्यात नमस्कार, नाव, वेळ, हवा, रस्ता आणि ‘पुढे काय’ एवढं सगळं बसवायचं.

एक दिवस घेऊन पाहू. पुणे, जूनचा मध्य, सोमवार. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा आज उघडणार आहेत. सातला कार्यक्रमाची जिंगल, मग एक गाणं, आणि चार मिनिटांनी आरजेचा माइक उघडणार. नवशिका आरजे बहुधा असं काही लिहून आणतो:

“गुड मॉर्निंग पुणे! कसे आहात सगळे? आज सोमवार, नवा आठवडा, नवी सुरुवात, नवी एनर्जी! आज आपण खूप धमाल करणार आहोत, भरपूर गप्पा मारणार आहोत आणि एकसे एक गाणी ऐकणार आहोत. तर कुठेही जाऊ नका!”

यात चुकीचं वाक्य एकही नाही, पण हा मजकूर कुठल्याही सोमवारी, कुठल्याही शहरात चालला असता. ‘कसे आहात सगळे’ या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, कारण ऐकणारा स्वयंपाकघरात एकटा आहे, तिथे ‘सगळे’ कुणीच नाहीत. धमाल होणार म्हटलं, पण कोणती, किती वाजता, ते नाही. आणि ज्याला वीस मिनिटांत निघायचंच आहे त्याला ‘कुठेही जाऊ नका’ म्हणणं म्हणजे त्याच्याकडे न बघता बोलणं.

आता त्याच सोमवारची दुसरी लिंक:

“डबा भरलाय, बॅग भरलीये, आणि नवा बूट एकाच पायात आहे… पुण्यात आज अशी बरीच घरं असतील. नमस्कार, मी अमुक, आणि तुम्ही ऐकताय तमुक स्टेशन. सात वाजून ____ मिनिटं. शाळेचा पहिला दिवस आहे. भुरभुर सुरू आहे, आणि दुपारी पाऊस वाढेल असं हवामान खातं म्हणतंय, म्हणजे शाळा सुटताना. रेनकोट दप्तरात वरच ठेवा. सिंहगड रोडनं जाणार असाल, तर आज दहा मिनिटं आधी निघा. आणि पावणेआठला माझ्यासोबत असतील एक रिक्षावाले काका. पंचवीस वर्षं ते मुलांना शाळेत सोडतायत. पहिल्या दिवशी जास्त कोण रडतं, मुलं की आई-बाबा, ते त्यांनाच विचारू. तोवर हे गाणं.”

अठ्ठ्याऐंशीच्या आसपास शब्द, साधारण पाऊण मिनिट. पहिलं वाक्य नमस्काराच्याही आधी येतं. गाणं संपता संपता लक्ष थोडं सैलावलेलं असतं. ते परत आणायला नाव उपयोगी पडत नाही, आपल्याच घरातलं काहीतरी ऐकू आलं की कान टवकारतात. नाव आणि स्टेशन मग लगेच यायला हवं, कारण बरेच जण याच क्षणी रेडिओ लावतात आणि आपण कुणाला ऐकतोय हे त्यांना कुठे लिहिलेलं दिसत नाही. संपूर्ण लिंकमध्ये ‘श्रोत्यांनो’ एकदाही नाही. रेडिओ लाखो लोक ऐकत असले तरी प्रत्येक जण एकटाच ऐकतो, म्हणून ‘तुम्ही’ म्हणायचं ते समोर एकच माणूस आहे असं समजून.

मजकुरात मिनिटांची जागा रिकामी का सोडली आहे? कारण लिहिताना ती भरली तर बोलताना ती खोटी ठरू शकते. आधीची जाहिरात वीस सेकंद लांबली, गाणं पूर्ण वाजलं, की चारचे पाच होतात. सकाळच्या आरजेच्या हातून होणारी सगळ्यात मोठी चूक हीच: कागदावरची वेळ वाचणं. बस गाठायची असलेल्या माणसाला एक मिनिटाची चूकही महागात पडते. म्हणून वेळ नेहमी समोरच्या घड्याळात बघून सांगायची. उरलेले आकडे मात्र स्क्रिप्टमध्ये अक्षरांत लिहायचे, ‘पंचवीस’, ‘पावणेआठ’, म्हणजे वाचताना जीभ अडखळत नाही.

वेळ कशी सांगायची हेही त्या तासावर अवलंबून असतं. सातच्या आसपास ‘सात वाजून चार मिनिटं’ बरोबर आहे, ऐकणारा अजून आवरतोय. साडेसात जवळ आली की ‘सात वाजून तेवीस मिनिटं’ म्हणण्यापेक्षा ‘साडेसातला सात मिनिटं आहेत’ जास्त उपयोगी, कारण आता त्याला हवा असतो तो उरलेल्या वेळेचा हिशोब. आणि लिंक मोठी असेल तर वेळ शेवटी पुन्हा सांगायची. वाचक मागच्या ओळीवर परत जाऊ शकतो, ऐकणाऱ्याला ते शक्य नसतं.

हवामानाच्या वाक्यात एकही आकडा नाही. तापमान, आर्द्रता, पावसाचे मिलिमीटर सांगता आले असते, पण मिलिमीटर ऐकून कुणी रेनकोट काढत नाही. ‘दुपारी पाऊस वाढेल’ याला ‘म्हणजे शाळा सुटताना’ हे तीन शब्द जोडले की माहितीचा निर्णय होतो. रस्त्याच्या वाक्यातही रचना महत्त्वाची आहे. छापील मराठीत आपण लिहू, ‘पावसामुळे आणि शाळा सुरू झाल्यामुळे होणारी संभाव्य गर्दी लक्षात घेऊन सिंहगड रोडवरील वाहनचालकांनी लवकर निघावे.’ मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी असतं. तोपर्यंत सगळं डोक्यात धरून ठेवायचं, आणि हे आपल्यासाठी आहे की नाही ते अर्ध्या वाटेवर कळतं. बोलताना ठिकाणाचं नाव आधी आणायचं: ‘सिंहगड रोडनं जाणार असाल, तर’. त्या रस्त्यानं जाणारा लगेच सावध होतो, न जाणाऱ्याला पुढचं सोडून देता येतं.

या माहितीमागे एक नियमही उभा आहे. भारतात खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. २०११च्या धोरणानं त्यांना आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी प्रसारित करण्याची मुभा दिली. पण हवामान, वाहतूक, परीक्षा आणि निकाल, सणवार, पाणी-विजेसंबंधीच्या सूचना या गोष्टी त्या धोरणात बातम्या धरलेल्या नाहीत. म्हणून ‘आज अमुक भागात पाणी उशिरा येईल’ हे आरजे सांगू शकतो, त्यावरून पालिकेत पेटलेल्या वादाचं वार्तांकन तो करू शकत नाही. सकाळची लिंक इतकी घरगुती आणि उपयोगी होण्यामागे आवडीइतकाच हा नियमही आहे.

लिंकचा शेवट सगळ्यात अवघड, कारण तिथे दोन घड्याळं एकत्र येतात. पुढच्या गाण्याला बोल सुरू होण्याआधी वाद्यसंगीताचा तुकडा असतो, समजा चौदा सेकंदांचा. आरजे त्या तुकड्यावर बोलत राहतो आणि गायकाचा आवाज येण्याच्या क्षणभर आधी थांबतो. स्टुडिओच्या स्क्रीनवर सेकंद उलटे मोजले जात असतात. आपल्या उदाहरणात ‘आणि पावणेआठला’पासून पुढचा भाग साधारण तेरा सेकंदांचा आहे, म्हणून गाणं तिथेच सुरू करायचं. बोल सुरू झाल्यावरही बोलत राहिलं की गाणंही बिघडतं आणि वाक्यही. हे टाळायला अनुभवी आरजे कुठलं वाक्य गाळायचं ते आधीच पेन्सिलीनं कंसात टाकून ठेवतो. इथे कंसात जाईल ते ‘पंचवीस वर्षं ते मुलांना शाळेत सोडतायत’ हे. ‘पावणेआठला’ मात्र कधीच गाळायचं नाही. ‘थोड्या वेळानं’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला काही ठरवता येत नाही. वेळ ठरलेली कळली, तर साडेसातला घर सोडणारा गाडीत रेडिओ लावून ठेवतो.

हीच लिंक आठला पुन्हा वाचली तर? शाळेची मुलं तोवर वर्गात बसलेली असतात, आता ऐकणारा ऑफिसच्या वाटेवर असतो. बूट आणि दप्तर काढून टाकायचं. पाऊस राहील, पण ‘संध्याकाळी परतताना’ या संदर्भात. काकांच्या गप्पा होऊन गेलेल्या असतील, तर त्यांनी दिलेलं उत्तर एका वाक्यात सांगता येईल. नऊ वाजता घरी उरलेली, दुकान उघडणारी माणसं ऐकत असतात. त्यांना निघायची घाई नसते, तिथे वेळ एकदाच सांगितली तरी चालते आणि बोलणं थोडं लांबवता येतं. नाव आणि स्टेशन मात्र तिन्ही वेळा सांगायचं, कारण दर तासाला कुणीतरी नव्यानं आलेलं असतं.

काही केंद्रांवर लिंक आधी ध्वनिमुद्रित करून ठेवतात. तेव्हा ‘बाहेर मस्त पाऊस पडतोय’ हे वाक्य धोक्याचं ठरतं. लख्ख ऊन पडलं असेल, तर ऐकणाऱ्याला एका क्षणात कळतं की आरजे आत्ता इथे नाही. अशा लिंकमध्ये ‘आत्ता’ असलेलं काहीही ठेवायचं नाही. मोबाइल अ‍ॅपवर ऐकणाऱ्यांपर्यंत आवाज काही सेकंद उशिरा पोहोचतो, त्यामुळे मिनिट सांगणं ठीक, सेकंद मोजून दाखवणं निरर्थक.

लिहून झाल्यावर तपासायची पद्धत साधी आहे. प्रत्येक वाक्यापुढे विचारायचं: हे उद्या याच वेळी वाचता येईल का? नमस्कार, नाव आणि स्टेशन सोडून ज्या वाक्याचं उत्तर ‘हो’ येईल, ते खोडायचं. वरच्या पहिल्या मजकुरावर ही परीक्षा लावली तर ‘आज सोमवार’ एवढंच उरतं, आणि तेही फक्त उद्यापुरतं. पुढच्या सोमवारी तेही चाललं असतं. दुसऱ्या मजकुरातला बूट, पाऊस, रस्ता आणि रिक्षावाले काका मंगळवारी शिळे होतात, आणि म्हणूनच ते सोमवारी सात वाजून चार मिनिटांनी ताजे असतात.