रात्री अडीचची गोळी

रात्री अडीच वाजता आजी उठतात, दाराची कडी काढू लागतात आणि सून घाईने मेलाटोनिनची गोळी देते. ही वेळच चुकीची आहे. मेलाटोनिन शरीराला रात्र झाल्याचे सांगते. अपरात्री घेतले तर सकाळी गुंगी राहते आणि तोल जाण्याची भीती वाढते. अभ्यासांत ते साधारणपणे झोपण्याच्या तासभर आधी, रोज ठरल्या वेळी दिले गेले.

डोस वाढवूनही हाती फारसे लागत नाही. अमेरिकेत २००३ साली १५७ अल्झायमर रुग्णांवर झालेल्या चाचणीत अडीच किंवा दहा मिलिग्रॅम घेणाऱ्यांची झोप औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपेक्षा ठळकपणे सुधारली नाही. २००८ च्या डच अभ्यासात अडीच मिलिग्रॅमने झोप सरासरी २७ मिनिटांनी वाढली, पण नुसत्या गोळीने माणसे अधिक उदास, अलिप्त झाली. दिवसभर लख्ख उजेड मिळाल्यावर मात्र हा परिणाम जाणवला नाही. म्हणून मला गोळीपेक्षा आजींची दिवसा उजेडातली बैठक महत्त्वाची वाटते. तरीही गोळी द्यायचीच, तर डॉक्टरांना विचारून कमी डोसने, आणि झोपेची रोज नोंद ठेवून. काही आठवड्यांत नोंदीत फरक दिसला नाही, तर ती थांबवण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे.