टार्गेट चौदा लाखांचं, शीटवर एक कोटी ब्याण्णव लाख

सांगलीतली साबण-बिस्किटांची एखादी वितरण एजन्सी डोळ्यांसमोर आणा. तीन सेल्समन, तीन लाइन. मिरज लाइनचं सप्टेंबरचं टार्गेट 6 लाख, जत लाइनचं 4 लाख, तासगाव लाइनचंही 4 लाख. म्हणजे एकूण 14 लाख. मिरजवाला महिन्यात 24 दिवस लाइनवर गेला आणि त्याने 5 लाख 40 हजारांचा माल विकला. जत लांब, म्हणून तिथला सेल्समन दिवसाआड, एकूण 12 दिवस गेला आणि त्याची विक्री 3 लाखांची झाली. तासगाववाला महिनाभर आजारी होता, त्याचं एकही बिल नाही.

बोटांवर हिशेब केला तरी कळतं, की मिरजेने टार्गेटच्या 90 टक्के गाठले, जतने 75 आणि तासगावने शून्य. पण महिनाअखेरीला मालकापुढे आलेली शीट सांगते, की मिरज 3.75 टक्के आणि जत 6.25 टक्के. तासगाव त्या शीटवर कुठेच नाही.

इतके लहान आकडे बघून मालक म्हणेल, काहीतरी चुकलंय. ते त्याला लगेच कळेल. पण मिरज आणि जत यांचा क्रमही उलटा झालाय, हे त्याच्या लक्षात येईलच असं नाही. जो चोवीस दिवस उन्हात फिरला, तोच मागे पडलेला दिसतो. इन्सेंटिव्ह या क्रमावरून ठरत असेल, तर ही चूक एका माणसाच्या पगारातून वसूल होते. म्हणून ती होते कशी, हे नीट पाहायला हवं.

एजन्सीत दोन शीट असतात. विक्रीच्या शीटमध्ये एक ओळ म्हणजे एका लाइनची एका दिवसाची विक्री. टार्गेटच्या शीटमध्ये एक ओळ म्हणजे एका लाइनचा अख्खा महिना. दोन्हींत ‘लाइन’ हा रकाना आहे, म्हणून त्या जोडता येतील असं वाटतं, आणि जोडल्या जातातही. कोणीतरी विक्रीच्या शीटमध्ये एक नवा रकाना घेतो, `VLOOKUP` लावतो आणि मिरजेच्या प्रत्येक ओळीपुढे 6,00,000 येऊन बसतात. चोवीस ओळी, चोवीस वेळा सहा लाख. यातली कुठलीही ओळ सुटी वाचली तर खोटी वाटत नाही, कारण मिरजेचं टार्गेट सहा लाख आहेच. मग पिव्होट टेबल त्या रकान्याची बेरीज करतं. मिरजेचे 1 कोटी 44 लाख होतात, जतचे बारा वेळा चार लाख म्हणजे 48 लाख. एकूण टार्गेट 1 कोटी 92 लाख! आणि विक्रीची शीट दिवसाऐवजी बिलागणिक असेल, तर रोज तीस दुकानं करणाऱ्याचं टार्गेट त्याच्याही तीसपट फुगेल.

रेशनकार्ड माहीत असलेल्या कुणालाही यातली गोम चटकन समजेल. अन्न सुरक्षा कायद्यात अंत्योदय कुटुंबाला महिन्याला 35 किलो धान्य मिळतं, ते कार्डावर किती माणसं आहेत यावर ठरत नाही. प्राधान्य कुटुंबाला मात्र माणशी 5 किलो मिळतं. आता पाच माणसांच्या अंत्योदय कुटुंबाची यादी करताना प्रत्येक नावापुढे 35 लिहिलं आणि खाली बेरीज मारली, तर 175 किलो होतात. पस्तीस हा आकडा खरा आहे, पण तो कार्डाचा आहे, माणसाचा नाही. टार्गेटही तसंच महिन्याचं आहे, दिवसाचं नाही.

चूक दिसल्यावर घाईघाईने जे उपाय होतात, ते मला मूळ चुकीपेक्षा जास्त धोक्याचे वाटतात, कारण त्यांतून येणारे आकडे पटण्याजोगे असतात. कोणी बेरजेऐवजी सरासरी घेतो. प्रत्येक लाइनपुरतं ते बरोबर येतं, पण तळाच्या एकूण ओळीतही सरासरीच येते. तिथे पिव्होट 5,33,333 दाखवेल, जे कुणाचंच टार्गेट नाही. कोणी सारखे आकडे एकदाच मोजतो. सप्टेंबरात तासगावची ओळच नसल्याने ते खपून जातं. ऑक्टोबरात तासगाववाला कामावर परतला, की जत आणि तासगाव या दोघांचे चार-चार लाख एकच धरले जातात आणि 14 लाखांचे 10 होतात.

तिसरा उपाय सर्वांत शहाणा दिसतो. सप्टेंबरात चार रविवार सोडून कामाचे 26 दिवस, म्हणून टार्गेटला 26 ने भागायचं आणि तो रोजचा वाटा प्रत्येक ओळीपुढे ठेवायचा. पण विक्रीच्या शीटमध्ये फक्त विक्री झालेल्या दिवसांच्याच ओळी आहेत. जतला बाराच वाटे मिळतात, त्याचं टार्गेट 1,84,615 वर येतं आणि तीन लाखांची विक्री 162 टक्के ठरते. मिरज 97 टक्क्यांवर जातं. आता कुणालाच शंका येत नाही, उलट जतचं कौतुक होतं. रोजचा वाटा हवाच असेल, तर आधी प्रत्येक लाइनसाठी सव्वीसही दिवसांच्या ओळी मांडाव्या लागतात, विक्री असो वा नसो. शिवाय समान वाटाही खरा नसतोच. दिवाळीआधीचा आठवडा आणि दिवाळीनंतरचा आठवडा एका मापाने मोजता येत नाहीत.

सरळ मार्ग उलट्या दिशेने जातो. टार्गेट विक्रीकडे नेण्याऐवजी विक्री टार्गेटकडे आणायची. विक्रीच्या शीटमध्ये तारखेवरून महिन्याचा एक रकाना करायचा. मग टार्गेटच्या शीटमध्ये, जिथे एका लाइनची महिन्याला एकच ओळ आहे, तिथे त्या महिन्याची सगळी विक्री गोळा करायची:

```
=SUMIFS(Sales!D:D, Sales!B:B, A2, Sales!C:C, B2)
```

इथे `Sales` शीटच्या B रकान्यात लाइन, C मध्ये महिना आणि D मध्ये रक्कम आहे. टार्गेटच्या शीटमध्ये A2 ला लाइन आणि B2 ला महिना. चोवीस दिवसांचा आधी एक आकडा होतो आणि मगच तो सहा लाखांशेजारी बसतो. एका ओळीपुढे एकच ओळ आल्यावर कुठलाच आकडा दुसऱ्यांदा मोजला जात नाही.

तरीही दोन ताळे करावेत. पहिला, जोडणी झाल्यावर टार्गेटच्या रकान्याची बेरीज 14 लाखच आली पाहिजे. जास्त आली तर ओळी वाढल्या, कमी आली तर कुणीतरी गळालं. दुसरा, विक्रीची बेरीज मूळ शीटमधल्या 8 लाख 40 हजारांशी जुळली पाहिजे. ती कमी पडली, तर बहुधा टार्गेट न ठरवलेली एखादी नवी लाइन सुरू झालेली असते, किंवा एका शीटमध्ये महिना ‘2025-09’ असा आणि दुसरीत ‘सप्टेंबर’ असा लिहिलेला असतो. अशा वेळी सूत्र तक्रार करत नाही, गुपचूप शून्य देतं.

या नव्या शीटवर तीन ओळी येतात. मिरज 90 टक्के. जत 75 टक्के. आणि आधीच्या प्रत्येक प्रयोगात जी ओळ नाहीशी झाली होती ती, तासगाव: टार्गेट 4,00,000, विक्री 0. एजन्सीचा एकूण आकडा त्यामुळे 84 वरून 60 टक्क्यांवर येतो, आणि महिनाभर कोणीच न फिरकलेली दुकानं मालकाला पहिल्यांदाच दिसतात.