रुमाल टाकून धरलेली जागा

‘सर, टुडे इन हिंजवडी मच ट्रॅफिक इज देअर. सिन्स मॉर्निंग रेन इज फॉलिंग. बाय टेन रीचिंग इज डिफिकल्ट. इफ मीटिंग इज पोस्टपोन्ड, विल बी गुड.’

पावसाळ्यात अशा धाटणीचे निरोप ऑफिसच्या ग्रुपवर हमखास वाचायला मिळतात. साहेबाला अर्थ बरोबर कळतो आणि मीटिंग पुढेही जाते. तरी हे इंग्रजी मराठी वळणाचं आहे, हे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. चारही वाक्यांत उणीव एकाच जातीची आहे. इंग्रजीला जिथे ‘इट’ किंवा ‘देअर’ लागतो, तिथे तो आलेला नाही. एका ठिकाणी ‘देअर’ आलाय, पण तोही वाक्याच्या शेपटाला.

हे दोन शब्द आपल्याकडून गळतात, कारण त्यांना इथे अर्थच नाही. ‘इट इज रेनिंग’मधला ‘इट’ म्हणजे कोण? ढग, आभाळ, पाऊस, काहीच नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसा तो शब्द कर्त्याची जागा धरून बसलेला असतो. इंग्रजीत ही जागा रिकामी ठेवता येत नाही, मराठीत येते. का येते, याचं उत्तर आपल्या क्रियापदात आहे.

‘खेळतो’, ‘खेळतेस’, ‘खेळतात’ एवढं ऐकलं तरी खेळणारा कोण याचा बराचसा पत्ता लागतो, म्हणून ‘मी’, ‘तू’, ‘ते’ आपण सर्रास गाळतो. इंग्रजी क्रियापदाचे असे प्रत्यय काळाच्या ओघात झिजून गेले. ‘आय प्ले, यू प्ले, वी प्ले, दे प्ले’ यांत ‘प्ले’ जागचा हलत नाही. मग कर्ता कोण हे कळायला शब्द आणि त्याची जागा यांवरच भिस्त राहते. साध्या विधानात क्रियापदाच्या आधी काहीतरी बसलेलं हवंच, खरा कर्ता नसला तर नुसता जागा धरणारा तरी.

आता ‘उकडतंय’, ‘उजाडलं’, ‘मळमळतंय’ ही क्रियापदं पाहा. यांना वेगळा कर्ताच नसतो. शाळेच्या व्याकरणात त्यांना ‘भावकर्तृक’ म्हणतात. पण त्यांचं रूप बघा: तृतीयपुरुषी, नपुंसकलिंगी, एकवचनी. इंग्रजीतला ‘इट’ही नेमका तसाच. म्हणजे इंग्रजी जे काम सुट्या शब्दाकडून करून घेते, ते मराठीत शेवटच्या अनुस्वारातच उरकलेलं असतं. इंग्रजी बोलताना तो अनुस्वार मागे राहतो आणि ‘टुडे व्हेरी हॉट’ एवढंच तोंडातून येतं. हवं ‘इट इज व्हेरी हॉट टुडे’.

मात्र आपण सरसकट ‘इज रेनिंग’ म्हणतो असं नाही. ते मुळात फारसं ऐकूच येत नाही. ‘पाऊस पडतो’, ‘अंधार झाला’, ‘उशीर झाला’, ‘पाच वाजले’ यांत मराठीला धडधाकट कर्ता मिळतो. आपण तोच उचलतो आणि ‘रेन इज फॉलिंग’, ‘टाइम इज फाइव्ह’ म्हणतो. व्याकरणाच्या दृष्टीने ‘रेन इज फॉलिंग’ चूक नाही, पण रोजच्या बोलण्यात तसं कुणी म्हणत नाही. ‘रेन’ हे क्रियापद पाऊस पोटात घेऊनच येतं, म्हणून कर्त्याच्या जागी ‘इट’ टाकायचा: ‘इट हॅज बीन रेनिंग सिन्स मॉर्निंग’. वेळ सांगताना ‘इट इज फाइव्ह’, अंतर सांगताना ‘इट इज टू किलोमीटर्स फ्रॉम हिअर’.

निरोपातलं तिसरं वाक्य वेगळ्या कारणाने अडखळतं. ‘दहापर्यंत पोहोचणं कठीण आहे’ यात ‘पोहोचणं’ हाच कर्ता, आणि मराठीत तो पुढे छान शोभतो. इंग्रजीला एवढा लांब कर्ता सुरुवातीला जड होतो. ती त्याला मागे ढकलते आणि मोकळ्या झालेल्या जागेवर ‘इट’ ठेवते: ‘इट विल बी डिफिकल्ट टू रीच बाय टेन’. ‘बरं होईल’, ‘बरं झालं तू आलास’, ‘असं दिसतं की’ ही सगळी याच घरातली. ‘इट वुड बी बेटर इफ वी पोस्टपोन्ड द मीटिंग.’ ‘इट्स गुड दॅट यू केम.’ ‘इट सीम्स दॅट ही हॅज लेफ्ट.’

इंग्रज स्वतःही गप्पांत ‘लुक्स लाइक रेन’ म्हणून ‘इट’ खातात, हे खरं. पण ती सवलत मोकळ्या बोलण्यात, तीही सहसा वाक्याच्या अगदी तोंडाशी. ‘आय थिंक विल बी हॉट’ त्यांच्या तोंडून यायचं नाही. ‘थिंक’, ‘बिकॉज’, ‘इफ’ यांच्यानंतर नवं वाक्य सुरू होतं आणि त्याला स्वतःचा कर्ता लागतो: ‘आय थिंक इट विल बी हॉट.’ तपासणी करायची तर सगळ्यात आधी इथे करावी, कारण नजरेतून निसटणारी जागा हीच.

‘देअर’ची गोष्ट अधिक मजेची आहे. ‘पुस्तक टेबलावर आहे’ म्हणजे आपल्याला ठाऊक असलेलं पुस्तक कुठे आहे ते सांगितलं. ‘टेबलावर पुस्तक आहे’ म्हणजे टेबलावर काय आहे याची नवी खबर दिली. शब्दांची अदलाबदल केली की मराठीचं भागतं. इंग्रजीत पहिलं होतं ‘द बुक इज ऑन द टेबल’. दुसऱ्यात नवी वस्तू क्रियापदानंतर येते आणि कर्त्याची जागा ‘देअर’ धरतो: ‘देअर इज अ बुक ऑन द टेबल’. आपण मात्र ‘देअर’ म्हणजे ‘तिथे’ असं पाठ केलेलं असतं. म्हणून ‘तिथे एक दुकान आहे’ याचं ‘देअर इज अ शॉप’ केलं की काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात त्यात ‘तिथे’ आलेलंच नाही. पूर्ण वाक्य ‘देअर इज अ शॉप देअर’. पहिला ‘देअर’ घाईत, जोर न देता उच्चारला जातो आणि दुसरा ठसठशीत. ‘इथे जागा आहे’ याचं तर ‘देअर इज रूम हिअर’ होतं, आणि त्यात काहीही विसंगत नाही.

‘मच ट्रॅफिक इज देअर’, ‘एनी प्रॉब्लेम इज देअर?’ यांत ‘इज देअर’ हे ‘आहे’चं काम करतं आणि ‘आहे’सारखंच शेवटी जाऊन बसतं. भारतीय इंग्रजीत ते इतकं रुळलंय की आपसांत कुणाला खटकत नाही. ते उपटून काढायलाच हवं असं मला वाटत नाही. परीक्षेत किंवा परदेशी पत्रव्यवहारात मात्र ‘देअर इज अ लॉट ऑफ ट्रॅफिक’ आणि ‘इज देअर एनी प्रॉब्लेम?’ असंच लिहावं. एकवचन-अनेकवचन ठरतं ते मागून येणाऱ्या नामावरून, म्हणून ‘देअर आर टू शॉप्स’.

हे एकदा कळलं की काही जण उत्साहाने सगळीकडे ‘देअर’ पेरतात. ‘माझा भाऊ घरी आहे’ ही भाऊ कुठे आहे याची माहिती. म्हणून ‘देअर इज माय ब्रदर अ‍ॅट होम’ नव्हे, ‘माय ब्रदर इज अ‍ॅट होम’. ‘मला दोन बहिणी आहेत’ यात ‘आहेत’ असलं तरी इंग्रजीत ‘देअर’ला वावच नाही, तिथे ‘आय हॅव टू सिस्टर्स’.