पैसे आले, तरी माल का अडला?

ईआरपीमध्ये ग्राहकाच्या येणे बाकीचे वय मुदत संपल्याच्या तारखेपासून मोजले जाते आणि 1 ते 30, 31 ते 60, 61 ते 90 दिवस अशा रकान्यांत बिले पडतात. रकाना बदलला की स्मरणपत्राची भाषा कडक होते. ठरावीक दिवस उलटले की नवी ऑर्डर आपोआप रोखली जाते.

समजा, एका दुकानदाराची दोन बिले थकली आहेत: 1,20,000 रुपयांचे 75 दिवस, तर 80,000 रुपयांचे 20 दिवस. ऑर्डर 60 दिवसांनंतर रोखायची, असा नियम आहे. त्याने 1,20,000 रुपये बँकेत भरले, पण बिल क्रमांक कळवला नाही. रक्कम त्याच्या खात्यावर जमा झाली, बिलाशी जुळवली गेली नाही. एकूण बाकी 80,000 बरोबर दिसते. जुने बिल मात्र उघडेच राहते. मग पैसे भरलेल्या माणसालाच कडक पत्र जाते आणि त्याचा माल अडतो.

ही चूक अहवालात ओळखता येते: त्याच ग्राहकापुढे न जुळवलेली जमा उणे चिन्हाने दिसते. ती आधी बिलाशी जुळवावी. नुसती ऑर्डर हाताने सोडली, तर पुढची पुन्हा अडेल. म्हणूनच स्मरणपत्रे काढण्यापूर्वी बँकेतील जमा जुळवून घेणे, हाच योग्य क्रम.